ह्यांच्या पाठीवरचा तीळ

आमच्या ह्यांच्या पाठीवरचा तीळ काढून आता वर्ष होत आलं. तपासणीत तो मेलानोमा निघाला, म्हणजे त्वचेचा कर्करोग. त्या वेळी मोबाइलवर मराठीत शोधलं तर एक तर घाबरवणारं सापडायचं, नाहीतर लिंबूरस लावा असं. म्हणून आमच्याकडे जे जसं झालं ते लिहून ठेवते. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, हे एसटीत ड्रायव्हर होते. वय वर्षं बाहत्तर. राहणं सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी.

दिवाळीच्या पाडव्याला मी ह्यांना तेल-उटणं लावते, तेवढीच काय ती त्यांची पाठ माझ्या हाताखाली येते. एरवी हे बनियनशिवाय घरातही फिरत नाहीत. २ नोव्हेंबर २०२४ ला तेल लावताना उजव्या खवाट्याखालच्या तिळाला बोट लागलं आणि थांबले. तो तीळ लग्नापासून माहीत होता, तपकिरी, मसुरीएवढा, गोल. आता तो लांबट झाला होता, एका बाजूला कड चावल्यासारखी तुटलेली आणि त्याच बाजूला निळसर काळा डाग. उरलेला भाग तपकिरीच. म्हणजे एकाच तिळात दोन-तीन रंग.

"अहो, हा तीळ वाढलाय."

"वय वाढलं, तीळ वाढला. पाणी निवतंय, आटप."

"दुखतो का? खाजतो?"

"काही नाही. चाळीस वर्षं आहे तो. तुला आजच दिसला होय?"

दुखत नाही, खाजत नाही, रक्त येत नाही, म्हणजे काही नाही, हे त्यांचं गणित. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की सुरुवातीला हा आजार सहसा दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट बघत बसायचं नसतं. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढं कळत होतं की मागच्या पाडव्याला तो असा नव्हता.

नात पुण्याहून आली होती. तिच्या कंपासपेटीतली पट्टी तिळाशेजारी धरली आणि खिडकीच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढला. नऊ मिलिमीटर भरला. ह्यांना वाटलं नातीचा काही खेळ चाललाय, म्हणून गप्प बसले. फोटो काढताना दोन गोष्टी पाळाव्यात, एक म्हणजे फ्लॅश नको, कारण तेलकट कातडीवर तो चमकतो आणि रंग कळत नाही. दुसरं म्हणजे एक फोटो जवळून आणि एक जरा लांबून, पाठीवर नेमका कुठे आहे ते दिसेल असा.

मग जुना फोटो शोधायला लागले. पाठ उघडी असलेला पुरुषाचा फोटो घरात मिळणं कठीण. अखेर २०१९ चा नरसोबाच्या वाडीचा सापडला. कृष्णेत स्नान करून हे सोवळं नेसून घाटाच्या पायऱ्या चढताहेत आणि मागून मुलाने काढलाय. मोठा करून बघितला तर खवाट्याखाली एक लहानसा गोल ठिपका. दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवले आणि मला काय म्हणायचंय ते मलाच स्पष्ट झालं.

ह्यांना दाखवले तेव्हा चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. स्वतःची पाठ माणसाला दिसत नाही, त्यामुळे इतके दिवस हे माझ्या बोलण्यावर वाद घालत होते. फोटोवर वाद घालता येईना. पण हार मानतील ते हे कसले! म्हणाले, "बरं, काढून टाकतो. बाजारात तो बसतो ना चामखीळ काढणारा, पन्नास रुपयांत काम."

आमच्याकडे आठवडी बाजाराला असे लोक बसतात. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावतात, कातडी जळते, खपली पडते, तीळ जातो. घोड्याचा केस बांधणारेही आहेत. शेजारच्या काकूंनीही तेच सुचवलं, वर त्यांच्या जावेचा दाखला दिला. मी मात्र त्या दिवशी दाराला कडी घालायची बाकी ठेवली होती. त्यांना म्हटलं, "तुम्ही सगळी नोकरी एसटीत काढलीत. टायरला फुगा दिसला तर वरून रंग मारून गाडी डेपोबाहेर काढली असतीत का?"

"टायर काढून मेकॅनिकला दाखवला असता."

"मग?"

ह्यावर ते काही बोलले नाहीत, पण लगेच कबूलही झाले नाहीत. खरी अडचण चार-पाच दिवसांनी रात्री जेवताना बाहेर आली. "काही निघालं तर? मुंबईला जावं लागेल, लाखांनी पैसे जातील. पोराचा फ्लॅटचा हप्ता चाललाय." भीती पैशाची होती, आणि त्याच्या आडून आजाराच्या नावाचीही. त्यांचा एक मित्र तोंडाच्या कर्करोगात फार हाल होऊन गेला, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यानंतर मी "काही नसेल हो" असं म्हणणं बंद केलं, कारण ते मला तरी कुठे ठाऊक होतं. म्हटलं, आधी नुसतं दाखवून येऊ. फी किती होते ते बघू. पुढचं तुम्ही ठरवा. त्यांनी दोन अटी घातल्या, मुलांना इतक्यात सांगायचं नाही आणि त्याच दिवशी कापाकापी करून घ्यायची नाही. दोन्ही मी मान्य केल्या.

आधी गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, यावर काही लावू नका, जाळू नका, लेझर तर मुळीच नको. सांगलीच्या कातडीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. चिठ्ठीमुळे नंबर लवकर लागला, नाहीतर तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळत होती. फोन करताना "तिळाचा आकार आणि रंग बदललाय" एवढं नेमकं सांगितलं तरी स्वागतकक्षातली मुलगी जवळची तारीख देते, हा आमचा अनुभव. नुसतं "पाठीवर डाग आहे" म्हटलं की नंबर लांब जातो.

५ डिसेंबरला सांगली. फी सहाशे रुपये. बाई डॉक्टर होत्या, शांत. त्यांनी हातात मावणारं एक दिव्याचं भिंग तिळावर टेकवलं. त्याला डर्मोस्कोप म्हणतात. त्यातून कातडीच्या आतल्या रंगाची नक्षी दिसते. मग त्यांनी ह्यांना सगळे कपडे उतरवायला सांगितले. हे बिचकलेच. पण त्यांनी तळपाय, तळहात, सगळी नखं, तोंडाच्या आतला भाग, डोक्याची कातडी, सगळं पाहिलं आणि काखेत, मानेत, जांघेत गाठी आहेत का ते चाचपलं. तळपाय इतके का बघता, असं मी विचारलं. म्हणाल्या, आपल्याकडे हा आजार मुळातच कमी, आणि होतो तेव्हा तळपायावर, तळहातावर, नखाखाली जास्त दिसतो. पाठीवर होणारा गोऱ्या लोकांच्या देशांत अधिक, पण आपल्याकडे होतच नाही असं नाही.

तीन शक्यता त्यांनी कागदावर लिहून दिल्या. एक, वयामुळे येणारी खरबरीत काळी वाढ, निरुपद्रवी. दोन, बेसल सेल कार्सिनोमा, हाही कातडीचाच कर्करोग, जो आपल्या कातडीत बऱ्याचदा काळा दिसतो, हळू वाढतो आणि सहसा पसरत नाही. तीन, मेलानोमा. "भिंगातून मला तिसऱ्याची शंका येतेय, पण नक्की सांगणार तो सूक्ष्मदर्शक." वाडीचा आणि पाडव्याचा असे दोन्ही फोटो त्यांनी स्वतःच्या फोनवर मागवून घेतले. तिळाच्या दोन बाजू सारख्या नाहीत, कड वेडीवाकडी, रंग एकाहून अधिक, रुंदी सहा मिलिमीटरच्या वर आणि बदलत चाललेला, ह्या पाच गोष्टी त्या बघतात. त्यातली शेवटची सगळ्यात महत्त्वाची, आणि ती फक्त घरच्यालाच सांगता येते, असं त्या म्हणाल्या. सहा मिलिमीटरहून लहान आहे म्हणून बदलणारा तीळ सोडून द्यायचा नाही, हेही.

ह्यांनी विचारलं, "मग थोडासा तुकडा काढून बघा की. अख्खा कशाला?" हा प्रश्न मलाही पडला होता. बाईंनी समजावलं की मेलानोमाचं पुढचं सगळं तो किती खोल गेलाय यावर ठरतं, आणि खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. वरवर खरवडलं किंवा कोपऱ्यातला तुकडा घेतला तर सर्वांत खोल भाग नेमका निसटू शकतो. म्हणून शक्य असेल तिथे पूर्ण तीळ, भोवतीची दोन मिलिमीटर कातडी आणि खालची थोडी चरबी, असा एकसंध तुकडा काढायचा. मग मला बाजारातल्या चुन्याचा खरा धोका कळला. तिथे तीळ वरून जळतो, मुळं राहतात आणि तपासायला हातात काहीच उरत नाही.

परतीच्या एसटीत हे खिडकीबाहेर बघत बसले होते. तासगाव फाट्याच्या पुढे म्हणाले, "बुधवारी चालेल का, विचार त्यांना."

११ डिसेंबरला एका सर्जनकडे तीळ काढला. आधी रक्त, साखर आणि हृदयाचा आलेख झाला होता, त्याचे साधारण दीड हजार. हे रक्त पातळ करणारी गोळी घेतात. ती मनानेच बंद करू नका, असं सर्जननी बजावलं होतं, आणि एवढ्या लहान कामासाठी त्यांनी ती चालूच ठेवली. जागेवर भुलीचं इंजेक्शन, तेवढंच काय ते टोचलं. अर्ध्या तासात बाहेर. सर्जनचे साडेसात हजार रुपये झाले. तीळ नऊ मिलिमीटरचा, मग टाके चार सेंटिमीटरभर का, असं मी विचारलं. दोन्ही बाजूंची कातडी धरून रुंदी तेरा झाली, आणि जखम सपाट मिटायची तर ती होडीच्या आकारात, रुंदीच्या तिप्पट लांब कापावी लागते. हे आधी सांगितलं असतं तर पहिल्या ड्रेसिंगला माझ्या पोटात गोळा आला नसता.

आता एक महत्त्वाची गोष्ट. काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बरणीत घालून आमच्याच हातात दिला आणि प्रयोगशाळेत पोचवायला सांगितलं. लहान गावांत असंच चालतं. बरणी घेताना नाव झाकणावर नव्हे, बरणीच्या अंगावर लिहिलंय ना ते बघा. झाकणं अदलाबदल होतात. तुकडा औषधात पूर्ण बुडालेला हवा. तुकड्याच्या एका टोकाला सर्जनने दोरा बांधलेला असतो, वरची बाजू कोणती ते कळण्यासाठी. सोबतच्या अर्जावर जागा, वय आणि "मेलानोमाची शंका" हे लिहिलेलं असावं, आणि प्रयोगशाळेत दिल्यावर पावती घ्यावी. आमच्या अर्जावर बाजू लिहायची राहिली होती, उजवी की डावी. मी परत जाऊन लिहून आणली. हे रिक्षात बरणी मांडीवर धरून बसले होते. "एवढंसं ते, आणि त्याचा काय मान," म्हणाले.

तपासणीचे अठराशे घेतले. आठ-दहा दिवस लागतील म्हणाले होते. २० डिसेंबरला फोन आला की आणखी विशेष रंग देऊन तपासायचंय, त्याचे साडेचार हजार वेगळे. हे ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. माझाही. पण विशेष तपासणी लावली म्हणजे वाईटच असं नसतं. पेशी कोणत्या जातीच्या आहेत ते पक्कं करायला ती लागते. तो आठवडा लांबला खरा. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी ह्यांचे सगळे कागद तारखेवार लावून फाइल केली. टाके चौदाव्या दिवशी काढले. पाठीची कातडी सतत ओढली जाते म्हणून तिथले टाके उशिरा काढतात. तोपर्यंत बादली उचलायची नाही आणि हात डोक्यावर ताणायचा नाही. हे दोन्ही करताना मी त्यांना पकडलं.

२८ डिसेंबरला रिपोर्ट आला. मेलानोमा. त्या शब्दाखाली बरंच इंग्रजी होतं. बाईंनी पेनाने तीन ओळींखाली रेघा मारल्या. पहिली ब्रेस्लो जाडी, म्हणजे तो किती खोल गेलाय ते, ०.६ मिलिमीटर. दुसरी, वरची कातडी फुटलेली नाही. तिसरी, कापलेल्या कडा मोकळ्या. रिपोर्ट हातात आला की ह्या तीन ओळी आधी शोधाव्यात. जाडी ०.८ च्या आत आणि वरची कातडी फुटलेली नाही, म्हणजे सर्वांत सुरुवातीचा गट, टी-वन-ए. काखेतली पहारेकरी गाठ, म्हणजे आजार पसरला तर जिथे सर्वांत आधी पोचतो ती, काढून तपासण्याची गरज ह्या गटात सहसा पडत नाही. केमो नाही, किरणांचा शेक नाही.

"मग निघाला ना? झालं," हे म्हणाले.

झालं नव्हतं. तीळ निघाला तरी जागेभोवती सुट्या पेशी राहिलेल्या असू शकतात, म्हणून जुन्या व्रणाच्या चारी बाजूंनी एक सेंटिमीटर कातडी आणि खाली स्नायूवरच्या पडद्यापर्यंतची चरबी पुन्हा काढायची. दोन वेळा कापणं ह्यांना पटेना. पण जाडी कळल्याशिवाय दुसऱ्या वेळी किती काढायचं हे ठरत नाही, हे त्यांना बाईंनीच समजावलं. त्या रात्री त्यांनी स्वतः मुलाला फोन केला. मी शेजारी बसून होते. मुलगा आधी रागावला, मग रडला, मग गूगल करत बसला.

मग नातेवाइकांची गर्दी झाली. एका पाहुण्यांचं म्हणणं होतं की लगेच पेट स्कॅन करा, पंधरा-वीस हजार गेले तरी चालतील. मुलगाही तयार होता. मिरजेच्या कर्करोग सर्जननी नको म्हणून सांगितलं. इतक्या पातळ मेलानोमात, गाठी लागत नसताना, स्कॅनमध्ये आजार सापडण्याची शक्यता अगदी थोडी, उलट भलताच काही ठिपका दिसतो आणि त्यामागे पुढच्या तपासण्या लागतात. पैसे वाचले यापेक्षा मला ते कारण पटलं.

मिरजेचं रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होतं. तिथे आरोग्यमित्राचा टेबल असतो, तिथूनच सुरुवात करायची. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट आणि सर्जनची चिठ्ठी लागली. आमच्या रेशनकार्डावर ह्यांचं नाव आणि आधारावरचं नाव यांत वडिलांच्या नावाचा फरक निघाला, त्यात एक फेरी गेली. तेव्हा दोन्ही कागद घरीच शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून बघावं. पूर्वमंजुरी यायला थोडे दिवस लागले, पण शस्त्रक्रिया योजनेत बसली. तुमची बसेल का ते आरोग्यमित्रालाच विचारा. आधी बाहेर केलेले बायोप्सीचे पैसे मात्र परत मिळत नाहीत, ते आमचे आम्हीच भरले. सोबत पहिल्या तपासणीच्या काचा आणि मेणाचे ठोकळेही मागवून घेतले, कारण मिरजेच्या पॅथॉलॉजिस्टना स्वतः बघायचं होतं. प्रयोगशाळा ते अर्ज दिल्यावर देते. काचा एकावर एक घासू नयेत म्हणून डबीतच मागाव्यात. त्यांनीही तेच निदान दिलं.

संक्रांत घरी करून १६ जानेवारीला दुसरी शस्त्रक्रिया झाली. एक रात्र दवाखान्यात राहिलो. ह्या वेळी व्रण आठ सेंटिमीटर. पाठीवर झोपणं बंद, शर्ट पुढून बटणांचाच. दोन-तीन दिवसांनी टाक्यांखाली मऊ फुगवटा आला आणि आम्ही घाबरून गेलो. आत पाणी साचलं होतं. सर्जननी सुईने काढलं. ताप, लाली किंवा पू असेल तर मात्र थांबायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. महिनाअखेरीस रिपोर्ट आला, उरलेला आजार नाही.

आता दर सहा महिन्यांनी तपासणी असते. पहिली जुलैत झाली, पंधरा मिनिटांची, पुन्हा तोच डर्मोस्कोप आणि काखेतल्या गाठी. मधल्या काळात महिन्यातून एकदा मी पाठ, तळपाय आणि व्रणाची जागा बघते. व्रणात किंवा शेजारी काळा ठिपका, काखेत गाठ, नवा बदलणारा तीळ, यांतलं काही दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही. हे बाहेर जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी घालतात. टोपी नातीने दिली म्हणून, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही.

डॉक्टरांनी आमच्या मुलालाही एकदा कातडी दाखवून घ्यायला सांगितलंय, कारण सख्ख्या नात्यात शक्यता थोडी जास्त असते. त्याच्याही पाठीवर तीळ पुष्कळ. पण त्याला अजून वेळ मिळालेला नाही. "मला कुठे काय दुखतंय," असं म्हणतो. सुनेला मी पट्टी धरून फोटो कसा काढायचा ते सांगून ठेवलंय, आणि पुढच्या रविवारी तिने तो पाठवायचा आहे.